होस्टला नेट आहे, गेस्टला नाही : ब्रिज्ड आणि शेअर्ड मोड, काही महिन्यांच्या वापरानंतर

सपोर्टकडून पुन्हा एकदा 'गेस्ट टूल्स काढून परत टाका' असं उत्तर आलं, तेव्हा हे सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. सॉफ्टवेअरचं नाव देत नाही, कारण हा प्रश्न बहुतेक सगळ्याच व्हर्च्युअल मशिनच्या सॉफ्टवेअरमध्ये येतो. माझ्याकडे लॅपटॉप होस्ट आहे, आत उबुंटू गेस्ट आहे आणि बाहेर वायफाय. घरी ब्रिज्ड मोड उत्तम चालत होता. तोच लॅपटॉप कामाच्या ठिकाणच्या वायफायवर नेला, तर होस्टवर सगळी पानं उघडतात आणि गेस्टमध्ये एकही नाही.

माझा खरा राग आहे तो खिडकीच्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर. गेस्टला पत्ता मिळालेला नसतानाही ते हिरवंच राहतं. त्या हिरव्याचा अर्थ एवढाच की आभासी केबल आभासी कार्डाला जोडलेली आहे. पुढे रस्ता आहे की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पैसे घेऊन विकलेल्या सॉफ्टवेअरने 'केबल आहे, पण पत्ता मिळालेला नाही' एवढं सांगायला हवं. होस्टच्या वायफायचं चिन्ह हे सांगतं, मग गेस्टचं का नाही? हे चिन्ह पाहूनच सपोर्टवाले 'नेटवर्क तर जोडलेलं दिसतंय' म्हणतात आणि चर्चा तिथेच अडते.

म्हणून चिन्ह सोडून गेस्टच्या टर्मिनलवर जावं.

```
ip link
ip -4 addr
ip route
```

पहिल्या कमांडमध्ये `lo` सोडून दुसरं कार्ड दिसत असेल, तर ड्रायव्हर आहे आणि गेस्ट टूल्स परत टाकून काही साधणार नाही. माझ्याकडे कार्ड दिसत होतं. दुसऱ्या कमांडमध्ये मात्र `127.0.0.1` खेरीज एकही पत्ता नव्हता आणि तिसरीत `default` ने सुरू होणारी ओळच नव्हती. विंडोज गेस्ट असेल तर अशा वेळी `169.254` ने सुरू होणारा पत्ता दिसतो. तो विंडोजने डीएचसीपीची वाट पाहून स्वतःच घेतलेला असतो. दोन्हींचा अर्थ एकच, गेस्टने पत्ता मागितला आणि कोणी दिला नाही.

मागणी खरंच जाते का, हेही पाहिलं. एका टर्मिनलमध्ये ही कमांड चालू ठेवली आणि गेस्टचं नेटवर्क बंद करून पुन्हा सुरू केलं:

```
sudo tcpdump -ni any port 67 or port 68
```

विनंत्या एकामागून एक जाताना दिसल्या, उत्तर एकही आलं नाही. मग दोष गेस्टच्या आत नव्हताच.

कारण वायफायच्या रचनेत आहे. ब्रिज्ड मोडमध्ये गेस्ट बाहेरच्या नेटवर्कवर स्वतंत्र यंत्र म्हणून उभा राहतो, त्याचा मॅक पत्ता वेगळा असतो. तारेच्या नेटवर्कवर हे सहज चालतं. वायफायवर मात्र अ‍ॅक्सेस पॉइंटशी जोडणी केलेली असते ती फक्त होस्टच्या मॅकने, आणि न जोडलेल्या मॅककडून आलेलं काहीही तो घेत नाही. म्हणून व्हर्च्युअल मशिनचं सॉफ्टवेअर एक युक्ती करतं: बाहेर जाताना गेस्टचा मॅक काढून होस्टचा लावतं, आणि परत आलेल्यातलं गेस्टचं कोणतं हे आयपी पत्त्यावरून ओळखतं. घरचा राउटर याला हरकत घेत नाही. पण डीएचसीपीच्या विनंतीच्या पोटात गेस्टचा मूळ मॅक तसाच राहतो. पाकिटावर एक मॅक, आत दुसरा, अशी विनंती काटेकोर नेटवर्क टाकून देतं. काही ठिकाणी एका मॅकला एकच आयपी असाही नियम असतो. होस्टला मात्र यातलं काहीच आड येत नाही, म्हणून तो आरामात नेटवर असतो. तारेच्या नेटवर्कवरही एका पोर्टवर एकच मॅक चालेल असं बंधन घातलेलं असेल, तर तिथेही हाच प्रकार होतो.

शेअर्ड मोड, म्हणजे नॅट, ही अडचण मुळातच टाळतो. गेस्टला होस्टच्याच आतला खाजगी पत्ता मिळतो आणि बाहेर सगळं होस्टच्या नावावर जातं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नॅट निवडलं की गेस्टला सहसा `10.0.2.15` हा पत्ता मिळतो आणि गेटवे `10.0.2.2` असतो. बाहेरच्या नेटवर्कला गेस्ट दिसतच नाही, त्यामुळे त्याला नाकारण्याचा प्रश्न येत नाही. मी मोड बदलला, गेस्टचं नेटवर्क बंद-चालू केलं आणि पानं उघडली.

इथवर माझं मत पक्कं होतं की शेअर्डच वापरावा, ब्रिज्ड विसरावा. ते पुढे थोडं बदललं.

एकदा लॅपटॉप झाकून दुसऱ्या वायफायवर उघडला आणि शेअर्डमध्येही गेस्टचं नेट गेलं. या वेळी पत्ताही होता, `default` ची ओळही होती. तेव्हा या दोन कमांडींनी उलगडा झाला:

```
curl -I https://1.1.1.1
getent hosts wikipedia.org
```

पहिलीला उत्तर आलं, दुसरी रिकामी. म्हणजे रस्ता चालू होता, नाव शोधणं बंद पडलं होतं. काही सॉफ्टवेअर शेअर्डमध्ये होस्टचा डीएनएस सर्व्हर जसाच्या तसा गेस्टला देतात. होस्टने नेटवर्क बदललं तरी गेस्ट जुन्याच सर्व्हरला विचारत बसतो, आणि तो तर मागच्या वायफायवर राहिलेला. गेस्टचं नेटवर्क बंद-चालू केलं की नवा सर्व्हर मिळतो. डीएनएस होस्टमार्फत विचारण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असेल, तर तो लावल्यावर हे पुन्हा होत नाही. इथे मुद्दाम `ping` वापरलं नाही, कारण काही नॅटमध्ये पिंग बाहेर जात नाही आणि नेट असूनही नसल्यासारखं वाटतं.

शेअर्डची दुसरी मर्यादा म्हणजे बाहेरून गेस्टपर्यंत कोणी पोचत नाही. गेस्टमध्ये चालवलेली साइट फोनवर तपासायची असेल, तर प्रत्येक पोर्ट हाताने पुढे द्यावा लागतो. एकदोन पोर्टांपुरतं ठीक आहे, पण रोज नवा पोर्ट लागला की कंटाळा येतो. ब्रिज्डमध्ये गेस्टचा पत्ता फोनवर टाकला की काम झालं. मात्र होस्टवर व्हीपीएन लावलेलं असलं तरी ब्रिज्ड गेस्ट त्यातून जात नाही. कामाची अंतर्गत पानं होस्टवर दिसतात, गेस्टमध्ये नाहीत, आणि पुन्हा तीच तक्रार नव्या कारणाने सुरू होते.

सपोर्टने शेवटी महागडी आवृत्ती घ्यायला सुचवलं. तिचाही गेस्ट त्याच वायफायमधून जाणार, मग ती घेऊन काय होणार? त्यापेक्षा यूएसबीला लावायचं साधं इथरनेट अ‍ॅडॉप्टर घेतलं. घरी फोनवर साइट तपासायची असली की तार राउटरला लावतो आणि ब्रिज्डमध्ये 'Automatic' न ठेवता तेच अ‍ॅडॉप्टर नावाने निवडतो. 'Automatic' असेल तर कुठलं कार्ड धरलं आहे ते कळत नाही. घराबाहेर शेअर्ड. वर्गणीची मुदत संपत आली आहे. पुढच्या आवृत्तीत त्या चिन्हावर गेस्टचा आयपी पत्ता दिसला तर नूतनीकरण करीन, नाहीतर फुकट मिळणाऱ्या पर्यायावर जाईन.