फायबरचं भाडं भरूनही डेटा जुन्याच लाइनवरून: ओएसपीएफचे आठ महिने

सातपूर, अंबड, नाशिक रोड, पंचवटी आणि सिन्नर या आमच्या पाच जागा जोडायला वापरलेले पाच राउटर घेतले, त्याला आठ महिने झाले. पहिले तीन महिने मी फार वैतागलो होतो. सातपूर–अंबड आणि अंबड–नाशिक रोड हे दोन्ही टप्पे एक जीबीपीएस फायबरचे, त्यांचं दरमहा भाडं जातं. तरी नाशिक रोडच्या सर्व्हरवरून सातपूरला बॅकअप ओढला की वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर सरकत नसे. ११ म्हणजे १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरली. वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या `traceroute` मध्येही अंबड नव्हतंच. डेटा सातपूर–नाशिक रोडच्या जुन्या थेट लाइनवरून चालला होता.

डेटाने कोणत्या रस्त्याने जायचं हे राउटर ओएसपीएफ या पद्धतीने ठरवतात. तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की ओएसपीएफला जवळचा रस्ता काढता येत नाही. ते मत आता मागे घेतो. हिशोब बरोबर होता, त्याला दिलेले आकडे चुकीचे होते.

दोष असा. लाइनची कॉस्ट म्हणजे ठरलेला संदर्भ वेग भागिले लाइनचा वेग, आणि या राउटरमध्ये संदर्भ वेग १०० एमबीपीएस येतो. एकापेक्षा कमी कॉस्ट नसते, त्यामुळे १०० ची लाइनही १ आणि १००० चं फायबरही १. थेट रस्ता १, अंबडवरून २. मग थेटच निवडणार! गिगाबिट पोर्ट असलेल्या राउटरमध्ये हा आकडा तसाच ठेवणं मला अजूनही पटत नाही.

उपाय दोन ओळींचा:

```
router ospf 1
 auto-cost reference-bandwidth 1000
```

राउटर पोर्टचा वेग धरतो, आपण घेतलेल्या प्लॅनचा नाही. म्हणून कमी वेगाच्या लाइनींवर `bandwidth` मी आधीच हाताने लिहिली होती. आता कॉस्ट अशा झाल्या: सातपूर–अंबड १, अंबड–नाशिक रोड १, सातपूर–नाशिक रोड १०, सातपूर–पंचवटी २०, नाशिक रोड–पंचवटी १०, नाशिक रोड–सिन्नर ५, अंबड–सिन्नर १०.

हा नकाशा पाचही राउटरकडे सारखाच असतो, कारण प्रत्येकजण आपल्या लाइनींची माहिती सगळ्यांना पोचवतो. मग जो तो स्वतःला मुळाशी ठेवून डायक्स्ट्रा यांच्या १९५९ च्या पद्धतीने रस्ते काढतो. मी सातपूरचा हिशोब वहीत करून पाहिला.

सुरुवातीला अंबड १, नाशिक रोड १०, पंचवटी २०. सिन्नरचा पत्ता नाही. यातलं सगळ्यात लहान अंबड, ते पक्कं. अंबडवरून पुढे पाहिलं तर नाशिक रोड १+१, म्हणजे २. आधीचे १० खोडले. सिन्नर ११ ला मिळालं. उरलेल्यांत लहान नाशिक रोड, २ वर पक्कं. तिथून सिन्नर २+५, म्हणजे ७, ११ खोडले. पंचवटी २+१०, म्हणजे १२, २० खोडले. मग सिन्नर ७ आणि शेवटी पंचवटी १२ पक्कं. पक्क्या झालेल्या जागेकडे परत बघावं लागत नाही, कारण कॉस्ट उणे नसते. लांबच्या जागेवरून वळसा घेऊन रस्ता छोटा होऊच शकत नाही. सातपूरच्या टेबलात चारही जागांचा पुढचा टप्पा अंबड आला, आणि फायबर कामाला लागलं.

पण अर्धंच. मी बदल फक्त सातपूरला केला होता. फाइल पाठवताना वेग मिळायचा, ओढताना पुन्हा ११. कॉस्ट लाइनीच्या दोन्ही टोकांना वेगवेगळी मोजली जाते. नाशिक रोडचा राउटर आपल्या टोकाला अजून १ च धरत होता, म्हणून परतीचा डेटा जुन्या लाइनवरून येई. `traceroute` दोन्ही बाजूंनी केल्यावर हे दिसलं. तीच ओळ पाचही राउटरवर टाकली आणि बॅकअपची रात्र संपली.

पावसाळ्यात अंबड–नाशिक रोडचं फायबर खोदकामात तुटलं. नवा हिशोब लगेच झाला: नाशिक रोड थेट १०, सिन्नर अंबडवरून ११, पंचवटीला तर २० चे दोन सारखे रस्ते, दोन्ही वापरात. कुठेही हात लावावा लागला नाही, याचं मला खरंच कौतुक वाटलं.

राग आहे तो त्याआधीच्या ४० सेकंदांचा. मध्ये मीडिया कन्व्हर्टर असल्याने राउटरचं पोर्ट चालूच दिसत होतं. शेजारच्या राउटरकडून दर १० सेकंदांनी येणारा हॅलो हा हजेरीचा संदेश ४० सेकंद आला नाही, तेव्हा कुठे शेजारी गेल्याचं राउटरने मानलं. तोवर सिन्नर गोदामाचं बिलिंग अडकलं. आता त्या लाइनवर हॅलो २ आणि वाट बघणं ८ सेकंद केलंय. हे दोन्ही आकडे दोन्ही टोकांना सारखे लागतात. मी आधी अंबडला बदलले आणि नाशिक रोडला बदलेपर्यंत दोघांची शेजारी म्हणून ओळखच तुटली होती, म्हणून हे काम दुकान बंद झाल्यावर करा.