सोया मेण: ८० अंशांवर ओतावं की ५७ वर?

दोन ग्लासांत सोया मेणाच्या मेणबत्त्या केल्या. मेण दोन्ही वेळा ८० अंश सेल्सिअसपर्यंतच वितळवलं. पहिला ग्लास लगेच भरला, दुसरा मेण ५७ वर उतरल्यावर.

पहिल्यात वातीभोवती खड्डा पडला, वर भेगाही आल्या. मेण थंड होताना आकसतं. काचेलगतचा भाग आणि वरची साय आधी घट्ट होते, मधलं मेण मात्र बराच वेळ पातळ राहतं. शेवटी तेही आकसतं आणि सायीला खाली ओढतं. ती खचते, नाहीतर तडकते. जितकं गरम ओताल, तितकं आकसणं जास्त.

दुसरा ग्लास जवळपास सपाट निघाला. पण फार थांबलात तर मेण दाटतं आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. पॅराफिन मेणाला हे आकडे लावू नका. ते जास्त गरमच ओततात आणि खड्डा दुसऱ्यांदा मेण ओतून भरतात.