बुकिंग रद्द करण्याचे नियम, इंग्रजी-मराठी मसुदा: नऊ महिने वापरल्यानंतर

गुहागरला घरातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. ऑक्टोबरपासून रद्द करण्याचे नियम इंग्रजी आणि मराठीत एकाच पानावर पाठवतो. इंग्रजी मसुदा भाच्याने दिला, मराठी मी केलं. पहिला घोळ माझ्याच मराठीत निघाला.

इंग्रजीतल्या 'डिपॉझिट'चं मी सरळ 'अनामत' केलं होतं. पुण्याच्या एका काकूंनी आदल्या दिवशी बुकिंग रद्द केलं आणि सगळे पैसे मागितले. "अहो, अनामत म्हणजे परत द्यायचीच ना? घरमालक देतो तशी." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पैसे दिले. आता मराठीत 'आगाऊ रक्कम' आणि इंग्रजीतही 'ॲडव्हान्स'.

मग 'पन्नास टक्के परत'. कशाचे? दोन रात्रींचे ६,००० आणि आगाऊ ३,०००. पाहुणा एकूण बिलाचे निम्मे धरतो, म्हणजे सगळी आगाऊ रक्कमच. मी आगाऊच्या निम्मे धरतो, म्हणजे १,५००. वाक्यातून दोन्ही निघतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते '७ दिवस आधी'ने. बुकिंग २५ डिसेंबरचं, रद्द केल्याचा मेसेज १८ तारखेला रात्री अकराला. त्यांनी तारखा मोजल्या, मी दुपारी बाराच्या चेक-इनपासून तास मोजले. शब्द माझे, संदिग्धता माझी, म्हणून पूर्ण ३,००० परत केले. त्यानंतर दिवस मोजायचं काम पाहुण्यावर टाकणं बंद केलं. असं बुकिंग आता आलं, तर कन्फर्मेशनमध्येच लिहीन:

"१८ डिसेंबर दुपारी १२ पर्यंत कळवल्यास ३,००० रुपये परत. त्यानंतर २३ डिसेंबर दुपारी १२ पर्यंत १,५०० परत. त्यापुढे परतावा नाही. मात्र तुमची खोली त्याच तारखांना दुसऱ्यांनी घेतली, तर पूर्ण आगाऊ रक्कम परत. व्हॉट्सॲप मेसेजची वेळ धरली जाईल."

इंग्रजीतही त्याच तारखा, तेच आकडे. वाद जवळपास थांबले.

भाच्याच्या मसुद्यात 'फरक पडल्यास इंग्रजी ग्राह्य' होतं. मी उलटं केलं: पाहुण्याच्या फायद्याचं ते ग्राह्य. ज्याने मराठी वाचून पैसे भरले त्याला इंग्रजी दाखवणं मला पटत नाही. शिवाय त्यामुळे भाषांतर मीच नीट तपासतो.

'नैसर्गिक आपत्ती' हेही काढलं. जूनमध्ये "इकडे फार पाऊस आहे" असा फोन येतोच. आता 'प्रशासनाने कुंभार्ली घाट बंद केला किंवा तुमची रेल्वे रद्द झाली, तर पूर्ण परत किंवा तारीख बदलून' असं आहे. आमच्याकडून रद्द झालं तरी पूर्ण परत, तीन दिवसांत, ज्या खात्यातून आले त्यातच.

एक भोक अजून आहे. मागच्या आठवड्यात दिवे गेले म्हणून एक कुटुंब दोनऐवजी एकाच रात्रीनंतर निघालं. मी एकाच रात्रीचे घेतले, पण पानावर त्याबद्दल ओळच नाही.