अपघातानंतर पहिली धावपळ कशासाठी: एफआयआर की घटनास्थळ पंचनामा?

दुखापतीच्या अपघातात एफआयआर आणि घटनास्थळ पंचनामा ही दोन्ही कागदपत्रे लागतातच. प्रश्न एवढाच उरतो, की घरातल्या एकुलत्या मोकळ्या माणसाने आधी पोलीस ठाणे गाठावे की अपघाताची जागा. भाच्याच्या दुचाकीला समोरून आलेल्या टेम्पोने धडक दिली, तेव्हा मी जागेवर थांबलो आणि आजही, माझ्यापुरते तरी, ते योग्य वाटते.

एफआयआरचे महत्त्व वाहनाचा क्रमांक, चालक आणि वेळ नोंदण्यात आहे. फिर्यादीला उशीर झाला, तर वाहन मागाहून गोवले असा आक्षेप विमा कंपनी घेऊ शकते. म्हणून धडक देऊन वाहन पळाले असेल, तर ठाणे आधी गाठावे. मला खटकले ते फिर्यादीतले साचेबद्ध वाक्य: ‘भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून’. गुन्हा नोंदवायला ते पुरते. परंतु धडक रस्त्याच्या कोणत्या बाजूला झाली हे त्यातून कळत नाही, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे वाद बहुधा तिथेच अडतो.

आमच्या दाव्यात कंपनीचे म्हणणे होते की दुचाकी मध्यरेषा ओलांडून गेली, म्हणून चूक दोघांचीही. अशा वेळी दुचाकीस्वाराचा वाटा ३० टक्के धरला, तर १० लाखांच्या भरपाईतून ३ लाख वजा होतात. पंचनाम्यात मात्र रस्ता ७ मीटर रुंद, दुभाजक नाही आणि डांबरावरच्या ओरखड्याची सुरुवात भाच्याच्या डाव्या कडेपासून १.८ मीटरवर, अशी नोंद होती. त्याची बाजू ३.५ मीटरपर्यंत असल्याने धडक त्याच्याच बाजूला झाल्याचे दिसत होते. काचा विखुरतात, गाड्या घसरत जातात, त्यामुळे त्यांच्या जागेपेक्षा ओरखड्याची सुरुवात मला अधिक भरवशाची वाटते. न्यायाधिकरणाने ही अंतरे ग्राह्य धरली.

पंचनाम्यालाही मर्यादा आहे. वाहने हलवल्यावर दुसऱ्या दिवशी तो झाला आणि त्यात ‘फिर्यादीने दाखविल्याप्रमाणे’ असे आले, तर तो पाहणीपेक्षा सांगण्यावरच अधिक उभा असतो. नकाशावर अंतरे नसून केवळ चतुःसीमा असेल, तर त्याचा उपयोग फारच थोडा. म्हणून जखमीला रुग्णालयात पोहोचवल्यावर, वाहने हलण्यापूर्वी, रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतील अशी छायाचित्रे घ्यावीत आणि अंतरे मोजून लिहावीत, अशी तपासी अंमलदारांना विनंती करावी.

२०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, तर तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. स्थळाचा आराखडाही या नोंदींचाच भाग आहे. तो जाण्यापूर्वी अंतरे तपासून पाहावीत आणि राहिलेली असल्यास अंमलदारांना लेखी कळवून पोच घ्यावी.