ऑनलाइन कपाट: खोका बंद आणि परतीची मुदत चालू

तीन दारांचं कपाट, किंमत १८,५०० रुपये, नावापुढे ठळक अक्षरांत ‘सॉलिड वुड फिनिश’. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हीच पद्धत मी आणखी दोन-तीन ठिकाणी पाहिली आहे. पद्धत नीट समजून घ्या, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

माल घेऊन आलेल्या मुलांनी दारातच ओटीपी मागितला. खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. मी उघडून दाखवा म्हटलं, तर उत्तर आलं, “मॅडम, आम्हाला परवानगी नाही. फिटिंगवाला येईपर्यंत तुम्हीही उघडू नका, नाहीतर वॉरंटी जाईल.” खोक्यावरही तसंच छापलेलं. परतीची मुदत दहा दिवसांची, आणि ती मोजली जाते डिलिव्हरीपासून. फिटिंगवाल्याची तारीख मात्र आज-उद्या करत पुढे ढकलली गेली आणि मुदत संपल्यावरच तो आला. म्हणजे आत काय आहे ते कळायच्या आधीच परत करायचा रस्ता बंद. एकाच्या बाबतीत हा योगायोग म्हणता आला असता. पण आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंच्या सोफ्याचंही असंच झालं, तेव्हा मला शंका उरली नाही.

खोका उघडल्यावर बाजूच्या फळीचा खालचा कोपरा फुटलेला निघाला आणि त्या फुटलेल्या जागेनेच सगळं सांगितलं. आत लाकडाचे तंतू नव्हते, दाबून बसवलेला जाडाभरडा भुसा होता. हा पार्टिकल बोर्ड, वर लाकडाच्या रेषा छापलेला कागद. ‘फिनिश’ म्हणजे फक्त वरचा रंग. आतलं ‘इंजिनिअर्ड वूड’ हे खाली बारीक अक्षरांत होतं, पण या नावात पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि प्लायवूड तिन्ही बसतात. प्लायवूडच्या कडेला थर दिसतात, एमडीएफची कड पुठ्ठ्यासारखी एकजीव असते, पार्टिकल बोर्डमध्ये चुरा दिसतो. फळीवर पट्टी चिकटवलेली असली तरी स्क्रूच्या भोकात टॉर्च मारून हे ओळखता येतं.

पार्टिकल बोर्ड मुळात वाईट नाही. चांगल्या प्रतीच्या मायका लावलेल्या बोर्डावर आयएस १२८२३ हे मानक छापलेलं असतं. माझ्या फळ्यांवर काहीच नव्हतं, आणि खालच्या बाजूला कडेची पट्टीसुद्धा नव्हती. आमच्या मुंबईच्या पावसाळ्यात फरशी पुसतानाचं पाणी त्या उघड्या कडेत मुरलं की बोर्ड फुगतो आणि पुन्हा बसत नाही. फिटिंगवाला दादा प्रामाणिक होता. जोडणीचा स्क्रू पिरगळताच भोक मोठं झालं. त्यात काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरता भरता तो म्हणाला, “ताई, हे एकदा खोललं तर पुन्हा जोडलं जाणार नाही.” घर बदलायचं असेल त्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

फोटोतलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते कपाटाच्या खोलीचं. फोटो कॉम्प्युटरवर तयार केलेला, त्यात शर्ट सरळ टांगलेले. प्रत्यक्षात आतली खोली साडेसोळा इंच, आणि शर्टाचा हँगर साधारण सतरा इंचांचा. शर्ट तिरके लावल्याशिवाय दार लागत नाही. पानावर फक्त बाहेरची मापं होती, आतलं माप कुठेच नव्हतं. टांगायचं कपाट घ्यायचं असेल तर ‘आतली खोली किती’ हे आधी लेखी विचारा. वीस इंचांच्या खाली असेल तर घेऊ नका.

तक्रार केल्यावर ‘मुदत संपली’ हेच उत्तर. नंतर पंधराशे रुपये देऊन मिटवायला बघत होते. मी नकार दिला. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत स्पष्ट आहे, की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेता तो परत घ्यायला नाकारू शकत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निर्णय द्यायचा असतो. मी त्या अधिकाऱ्यालाच मेल केला. सोबत पानाचे स्क्रीनशॉट, चेपलेल्या खोक्याचा दारातला फोटो, फुटलेल्या कोपऱ्याचा जवळून फोटो आणि टेप लावून आतली खोली मोजतानाचा व्हिडिओ जोडला. फिटिंगच्या तारखा पुढे ढकलल्याचे मेसेजही लावले, आणि माझ्या मते त्यांचाच सर्वात जास्त उपयोग झाला. पोच आली, पण उत्तर नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा कपाट उचलून नेलं आणि किंमत परत मिळाली.

फिटिंगचे वेगळे घेतलेले ९०० रुपये अजून अडकलेत. त्यासाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते आहे. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. दोन वर्षांच्या आत करावी लागते.