कंट्रोलर २० महिने वापरला, १४व्या महिन्यापासून डाव्या स्टिकशी भांडण सुरू झालं

ब्रँडचं नाव घेत नाही, पण साडेपाच हजारांचा ओरिजिनल कंट्रोलर आहे. ग्रिप, बॅटरी, ट्रिगर सगळं मस्त, त्यावर लिहीत बसत नाही. मला फक्त डाव्या स्टिकवर बोलायचंय.

वॉरंटी १२ महिन्यांची आणि १४व्या महिन्यात गेममधला गडी आपोआप डावीकडे चालायला लागला, मी हात लावलेला नसताना. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "सर, नवीनच घ्या ना." रिपेअर करत नाही म्हणे. तिथंच डोकं फिरलं.

आता हे होतं का, तर स्टिकखाली दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीचा आणि एक उभ्या. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारा धातूचा पातळ काटा, काटा जिथे असेल तिथला व्होल्टेज म्हणजे स्टिकची जागा. आपण स्टिक कुठेही ढकलली तरी ती शेवटी मध्येच परत येते, म्हणून पट्टी मधोमधच सगळ्यात जास्त झिजते आणि नेमकी तीच जागा कंट्रोलरला 'शून्य' म्हणून वाचायची असते. साडेपाच हजारांची वस्तू या नखाएवढ्या पट्टीवर अडते!

उघडायच्या आधी टेस्ट करा, मी केली नव्हती. विंडोजमध्ये joy.cpl रन करा किंवा ब्राउझरमधला कुठलाही गेमपॅड टेस्टर उघडा (आकडे तिथे जास्त नीट दिसतात), कंट्रोलर टेबलावर ठेवा आणि स्टिक चारही बाजूंना एकेकदा पूर्ण ढकलून सोडून द्या, असं दहा वेळा. मग आकडा बघा. हात न लावता आकडा थरथरत असेल तर पट्टीवर घाण आहे किंवा ती झिजलीय. दरवेळी वेगळ्याच आकड्यावर थांबत असेल, म्हणजे डावीकडून सोडल्यावर उणे ०.०९ आणि उजवीकडून सोडल्यावर ०.०२, तर स्प्रिंग थकलीय, मग कितीही साफ करा. आणि कायम एकाच आकड्यावर शांत बसत असेल तर नुसता मध्य सरकलाय, ते बऱ्याचदा कॅलिब्रेशननं निघतं. माझा उणे ०.०८ ते उणे ०.१४ मध्ये नाचत होता. गेममध्ये डेडझोन, म्हणजे मध्याजवळची जी हालचाल गेम धरतच नाही ती जागा, वाढवून हे लपतं, पण मग बारीक हालचाल मरते, निशाणा धरताना लगेच कळतं.

पहिला उपाय स्वस्तातला. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, बॅटरीची वायर काढली, पोटेन्शिओमीटरच्या बाजूची छोटी हिरवी डबी अलगद उचकटली. आतल्या पांढऱ्या चकतीवर काटा असतो तो वाकवू नका. इअरबड फिरवला तर टोकाला काजळीसारखी काळी भुकटी! सुकवून जोडला, आकडा ०.०१. मी सगळ्यांना सांगत सुटलो की ५ मिनिटांचं काम, लोक उगाच कंट्रोलर फेकतात.

तर ते शब्द मागे घेतो. तीन आठवड्यांत परत तेच. ती काळी भुकटी म्हणजे बाहेरची धूळ नव्हती, पट्टीचाच घासून निघालेला कार्बन होता, मग पुसून ती भरून कशी येणार? साफसफाई धुळीवर चालते, झिजेवर नाही.

मग पुण्यातल्या तपकीर गल्लीतून स्टिकचे दोन नवे अख्खे मॉड्यूल आणले, १२० रुपयांत. काढायला १४ टाके आहेत : दोन्ही पोटेन्शिओमीटरचे ६, बटणाचे ४, धातूच्या चौकटीचे ४. अख्खा मॉड्यूल एकदम उपटायला जाऊ नका, बोर्डावरचे पॅड सोबत निघून येतात. जुना तसाही कचऱ्यातच जाणार, त्यामुळे कटरनं तोडून तुकडे केले आणि एकेक पिन वेगळी काढली. फ्लक्स आणि शिसं असलेलं थोडं सोल्डर वर घातलं की मूळ टाका लवकर वितळतो. चौकटीचे टाके उष्णता खातात, तिथे घाई नको. मला दोन तास लागले, पैकी एक तास त्या चार टाक्यांवर.

बसवल्यावर आकडा ०.०६! वाटलं गेले पैसे. पण थरथर नव्हती, शांत ०.०६, म्हणजे नव्याचा मध्य बोर्डात साठवलेल्या मध्याशी जुळत नव्हता. माझ्या मॉडेलचं कॅलिब्रेशन ब्राउझरमधून यूएसबी केबल लावून झालं, तेव्हा ०.०० आलं. मॉड्यूल घ्यायच्या आधी तुमच्या मॉडेलला ही सोय आहे का तेवढं बघून घ्या.

चुलतभाऊ तेव्हाच म्हणत होता की हॉल सेन्सरवाले घे, त्यात चुंबक असतो, घासणारं काहीच नाही. महाग म्हणून मी घेतले नाहीत. आता वाटतं घ्यायला हवे होते, जरी स्प्रिंग त्यातही असते आणि ती थकायची ती थकतेच.

पाच महिने झाले, डावी स्टिक ०.०१ वर आहे. काल सहज उजवी तपासली तर ०.०४ आणि किंचित थरथरतेय. दुसरा मॉड्यूल ड्रॉवरमध्ये पडलाय.