एक व्हिडिओ, चार हुक: सात महिन्यांच्या वापरानंतर

एका व्हिडिओला चार वेगवेगळ्या सुरुवाती, म्हणजेच हुक, जोडायच्या आणि मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमधल्या `A/B test` वर त्यांची तुलना करायची, ही पद्धत सात महिने नियमित वापरून झाली. पद्धत कामाची आहे आणि पुढेही वापरणार. पण पहिल्या तीन सेकंदांचा जो आकडा बघून बहुतेक जण निकाल लावून मोकळे होतात, तो एकटा बघितला तर चुकीचा हुक निवडला जातो. त्यामुळे इथे हुक सुचण्यापेक्षा त्यांचा निकाल लावण्यावर जास्त लिहिलंय.

उदाहरण म्हणून स्वयंपाकघरातल्या सुरीला दगडावर धार कशी लावायची, हा ३८ सेकंदांचा उभा व्हिडिओ घेऊ. मूळ भाग ३४ सेकंदांचा, हुक ४ सेकंदांचा. चार हुक असे: पहिल्यात धार लावलेली सुरी टोमॅटोचा पातळ काप काढते, म्हणजे थेट परिणाम. दुसऱ्यात पडद्यावर प्रश्न, «धार लावूनही सुरी टोमॅटोवरून घसरते?» तिसऱ्यात चूक: सुरी दगडावर खूप उभी धरलेला हात अगदी जवळून दिसतो आणि आवाज म्हणतो, «अशी धरली तर धार लागत नाही, उलट जाते.» चौथ्यात सुरी ओट्यावर आपटते, मोठा आवाज होतो आणि चित्र एकदम थबकतं.

चारही कल्पना मुळातून वेगळ्या आहेत, आणि पहिल्या फेरीत हेच हवं. एकाच वाक्याचा रंग, फाँट किंवा जागा बदलून केलेल्या चार आवृत्त्यांमध्ये फरक इतका बारीक असतो की तो पकडायला लागतात तितकी इम्प्रेशन्स छोट्या खात्याला मिळतच नाहीत. कल्पना ठरली की मग दुसऱ्या फेरीत तिच्या सजावटीकडे वळावं.

सगळे हुक ४ सेकंदांचेच का? मेटा तीन सेकंदांच्या टप्प्यावर मोजतं. हुक दोन सेकंदांचा असेल तर त्या आकड्यात मूळ भागाचा एक सेकंद मिसळतो आणि नेमकं कशाने थांबवलं हे कळत नाही. एक हुक २ सेकंदांचा आणि दुसरा ६ चा असेल तर पुढचे सगळे टप्पेही सरकतात. चौघांची लांबी सारखी ठेवली की सांधा प्रत्येक आवृत्तीत बरोबर चौथ्या सेकंदाला येतो.

एडिटिंगमध्ये मूळ भागाची एकच कंपाउंड क्लिप करून ठेवावी (काही सॉफ्टवेअरमध्ये यालाच नेस्ट म्हणतात) आणि चारही टाइमलाइनवर तीच लावावी. नाहीतर सबटायटलमधली एक चूक तीन फायलींत दुरुस्त होते, चौथीत राहून जाते आणि चाचणी तिथेच बिघडते. पार्श्वसंगीत सांध्यानंतरच सुरू करावं, कारण हुकच्या मधोमध कापलेलं संगीत कानाला लगेच खटकतं. मूळ भागाचं पहिलं वाक्य कोणत्याही हुकनंतर चालेल असं हवं. «म्हणून आधी कोन बघा» हे वाक्य चूक दाखवणाऱ्या हुकनंतर बसतं, टोमॅटोनंतर लोंबकळतं; नुसतं «आधी कोन बघा» सगळीकडे चालतं. आवाजाची पातळीही चौघांत एकसारखी ठेवावी. चौथ्या हुकमधला आपटण्याचा आवाज मात्र त्या कल्पनेचाच भाग आहे, तो दाबू नये.

एक चूक फार उशिरा लक्षात येते. रील्सवर वरची सुमारे १४ टक्के आणि खालची ३५ टक्के जागा खात्याचं नाव, मथळा आणि बटणं यांच्याखाली जाते. प्रश्नवाल्या हुकची ओळ तिथे गेली तर तो हुक हरतो आणि आपण समजतो की प्रश्न चालत नाहीत. एक्स्पोर्ट करण्याआधी त्या दोन पट्ट्यांचा थर वर ठेवून प्रत्येक आवृत्ती एकदा बघावी. पहिली फ्रेम काळी किंवा फेड-इन होणारी नसावी, हेही तेव्हाच तपासून होतं.

आता मांडणी. चारही जाहिराती एकाच अ‍ॅड सेटमध्ये टाकल्या की यंत्रणा सुरुवातीच्या थोड्या प्रतिसादावरून एकीकडे बजेट वळवते आणि उरलेल्यांना पुरेशी संधीच मिळत नाही. शेवटी एकीची इम्प्रेशन्स हजारांत, दुसरीची शंभरांत, आणि तुलना करण्यासारखं काही उरत नाही. `A/B test` मध्ये प्रेक्षक विभागले जातात आणि एका माणसासमोर एकच आवृत्ती येते. प्लेसमेंट हातानेच निवडावी, फक्त रील्स. आपोआप प्लेसमेंटवर सोडलं तर एखादी आवृत्ती अशा जागी जास्त जाते जिथे बक्षिसासाठी व्हिडिओ पूर्ण बघावाच लागतो, आणि तिचे आकडे फुगतात. चाचणी पूर्ण सात दिवस चालवावी, म्हणजे सुट्टीचे आणि कामाचे दिवस दोन्ही त्यात येतात. मध्ये मथळा, बजेट, काहीच बदलू नये. दुसऱ्या दिवशी पुढे असलेली आवृत्ती सातव्या दिवशी मागे पडलेली वारंवार दिसली आहे, म्हणून मधले आकडे बघून चाचणी थांबवणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय म्हणावी लागेल.

मोजायचे आकडे तीनच:

```
hook  = 3-second video plays / Impressions
hold  = ThruPlays / 3-second video plays
total = ThruPlays / Impressions
```

`ThruPlay` म्हणजे व्हिडिओ किमान १५ सेकंद पाहिला, किंवा तो त्याहून छोटा असेल तर शेवटपर्यंत पाहिला. आपल्या व्हिडिओत याचा अर्थ हुकचे ४ आणि मूळ भागाचे ११ सेकंद.

समजा, सात दिवसांनी प्रत्येक आवृत्तीला ४,००० इम्प्रेशन्स मिळाली. तीन सेकंद थांबलेले असे: परिणाम १,२४०, प्रश्न १,२००, चूक १,३२०, आपटणं १,५६०. म्हणजे ३१, ३०, ३३ आणि ३९ टक्के. इथे थांबलं तर सुरी आपटणारा हुक निर्विवाद जिंकला. आता `ThruPlay` बघा: ४३४, ३९६, ५२८, ३७४. एकूण इम्प्रेशन्सच्या हिशेबाने १०.९, ९.९, १३.२ आणि ९.४ टक्के. सगळ्यात जास्त लोकांना थांबवणारा हुक इथे सगळ्यात मागे गेला आणि चूक दाखवणारा वर आला. कारण सांध्याशी आहे. आवाजाने दचकून थांबलेल्या माणसाला पुढे काय मिळणार याचा काहीच अंदाज नसतो. चौथ्या सेकंदाला शांतपणे दगड आणि पाणी दिसलं की तो निघून जातो. चूक पाहून थांबलेला माणूस बरोबर पद्धत बघायला थांबलेला असतो, आणि मूळ भाग त्याला तेच देतो.

इथे एक बारकावा आहे. बरेच जण `hook` आणि `hold` हे दोन आकडे वेगवेगळे बघतात आणि `hold` ची थेट तुलना करतात. ती तुलना फसवी आहे. `hold` चा भागाकार फक्त थांबलेल्यांवर होतो, आणि प्रत्येक हुकने थांबवलेली माणसं वेगळी असतात. मोजक्याच, आधीपासून रस असलेल्या लोकांना थांबवणाऱ्या कंटाळवाण्या हुकचा `hold` छान दिसतो. निकालासाठी भाजक सगळ्यांचा सारखा हवा, म्हणजे इम्प्रेशन्स, आणि म्हणून निर्णय `total` वर. `hook` आणि `hold` कारण शोधायला वापरावेत.

दुसरा प्रश्न असा, की दिसलेला फरक खरा आहे की योगायोग? त्यासाठी शीटमध्ये एक ओळ पुरते. `p1`, `p2` हे दोन दर, `n1`, `n2` ही इम्प्रेशन्स आणि `p` हा दोघांचा एकत्रित दर. सूत्रात या नावांच्या जागी आपापल्या सेलचे पत्ते टाकायचे.

```
=(p1-p2)/SQRT(p*(1-p)*(1/n1+1/n2))
```

दोनच आवृत्त्या असतील तर उत्तर १.९६ च्या वर गेलं की फरक मानायचा, हा नेहमीचा नियम. पण चार आवृत्त्यांमध्ये सहा जोड्या होतात. चारही हुक अगदी सारखे असले तरी या नियमाने साधारण पाच चाचण्यांतून एकदा कुठल्यातरी जोडीत «विजेता» सापडेल. म्हणून चौघांसाठी उंबरा २.६ धरावा. वरच्या उदाहरणात चूक आणि परिणाम यांच्या `total` मधला फरक ३.२ येतो, म्हणजे तो मानायचा. परिणाम आणि प्रश्न यांच्या तीन सेकंदांच्या दरातला एक टक्क्याचा फरक १ च्याही खाली येतो. त्यावरून काहीही म्हणता येत नाही. हेच दर ४,००० ऐवजी ५०० इम्प्रेशन्सवर मिळाले असते तर ३.२ चा आकडा १.१ वर घसरला असता आणि हाती काहीच लागलं नसतं. शिवाय एकाच माणसाला व्हिडिओ पुन्हा पुन्हा दिसला तर इम्प्रेशन्स वाढतात, माहिती तेवढी वाढत नाही. `Frequency` दीडच्या पुढे गेली असेल तर २.६ च्या जेमतेम वर असलेल्या निकालावर विसंबू नये.

ज्यांना सूत्रावर भरवसा वाटत नाही त्यांनी सुरुवातीला एकदा तरी एकच फाइल दोन नावांनी चाचणीत टाकून बघावी. तोच व्हिडिओ, तोच हुक, तरी आकडे जुळत नाहीत. जो फरक दिसतो तो निव्वळ गोंगाट, आणि आपल्या खात्यात तो किती मोठा असतो हे डोळ्यांनी दिसतं. इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

इन्स्टाग्रामच्या ट्रायल रील्स पैसे न लागता वापरता येतात आणि त्या आधी फॉलोअर नसलेल्यांना दिसतात, म्हणून त्यांचा मोह होतो. पण तिथे प्रेक्षकांची समान विभागणी नसते. चार रील्स चार वेगळ्या गर्दीत जातात, कधी एकीला दुसरीच्या दहापट पोच मिळते. फार मोठा फरक, म्हणजे एक हुक साफ पडला आहे, इतकं त्यातून कळतं. ३१ आणि ३३ टक्क्यांमधलं काही कळत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. विक्री किंवा नोंदणीवर निकाल लावायचा असेल तर ४,००० इम्प्रेशन्समधून हाती येणाऱ्या मोजक्या नोंदी कधीच पुरत नाहीत. त्यासाठी आवृत्त्या दोनवर आणून बराच काळ चाचणी चालवावी लागते. आणि जिंकतो तो हुक आणि मूळ भाग यांचा जोड. चूक दाखवणारा हुक इथे चालला म्हणून तसाच हुक दुसऱ्या व्हिडिओला चिकटवला तर तो चालेलच असं नाही, तिथे पुन्हा मोजावं लागतं.

हरलेला चौथा हुकही टाकून देऊ नये. त्याने ३९ टक्के लोकांना थांबवलं होतं. त्याचं बिनसलं ते सांध्यापाशी. दुसऱ्या फेरीत आपटणारी सुरी दीड सेकंदात संपवून उरलेल्या अडीच सेकंदांत उभ्या धरलेल्या सुरीचं जवळचं दृश्य आणि तेच वाक्य घ्यावं, आणि ही नवी आवृत्ती फक्त तिसऱ्या हुकसमोर उभी करावी. दोनच आवृत्त्या असल्याने तिथे उंबरा पुन्हा १.९६.